बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून अनियमित उत्पन्नाची सरासरी: १ लाख ६५ हजार की ४४ हजार?

प्रश्न: मी नाशिकला स्वतंत्रपणे इंटिरियर डिझायनिंगची कामं करते. ३० लाखांचं गृहकर्ज हवंय. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या बारा महिन्यांत खात्यात १९ लाख ८० हजार जमा झाले, म्हणजे महिना १ लाख ६५ हजार. सीएंनी ४४एडीएखाली नेहमीप्रमाणे निम्मं उत्पन्न धरून कच्चा हिशोब दिला, तो बँकेत दाखवला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, तुमचं उत्पन्न महिना ४४ हजार. रिटर्न भरायचं अजून बाकी आहे. गाडीचा ६,५०० चा हप्ता चालू आहे, तो आणखी १४ महिने. भाडं सोडून घरखर्च २० हजार. खरा आकडा कोणता धरायचा? स्टेटमेंट आणि महिन्यांची वही सोबत पाठवते आहे.

उत्तर:

ताई, दोन्ही आकडे तुमचं उत्पन्न सांगत नाहीत. १ लाख ६५ हजार ही खात्यातून वाहून गेलेल्या पैशाची सरासरी आहे आणि ४४ हजार हा कराच्या एका सवलतीतून आलेला आकडा आहे. तुमचं स्टेटमेंट आणि वही मी ओळ न् ओळ पाहिली. माझ्या हिशोबाने बँकेपुढे टिकेल असा आकडा ५६ ते ५७ हजारांचा आहे. तो कसा निघतो ते सांगतो, म्हणजे मॅडमसमोर बसून तुम्हालाही मांडता येईल.

पहिलं काम जमा बाजू गाळून घेण्याचं. स्वतःच्या दुसऱ्या बचत खात्यातून तुम्ही वर्षभरात १ लाख ४० हजार इकडे वळवले आहेत. ऑगस्टमध्ये दीड लाखाची एफडी मोडली. भावाकडून १ लाख हातउसने घेतले. हार्डवेअरवाल्याने परत केलेले पैसे, फसलेले यूपीआय व्यवहार उलटून आलेले आणि गेल्या वर्षीचा आयकर परतावा मिळून ४० हजार आहेत. यातला एक रुपयाही उत्पन्न नाही. स्टेटमेंट तपासणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या नावावरून आलेल्या रकमा लगेच पकडतं. भावाचे पैसे मात्र नुसत्या नावावरून ग्राहकाचे वाटू शकतात. ते तुम्ही स्वतःच वेगळे दाखवा. नंतर अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, तर बाकीच्या नोंदींकडेही तो त्याच नजरेने बघतो.

तुमच्या धंद्यात सगळ्यात मोठी गल्लत होते ती मालाच्या पैशाची. ऑक्टोबरमधला गंगापूर रोडच्या फ्लॅटचा व्यवहार बघा. ३ तारखेला ग्राहकाने १ लाख ८० हजार पाठवले. ५ तारखेला ९५ हजार प्लायवाल्याला गेले, ९ तारखेला ४५ हजार सुताराला. तुमच्याकडे राहिले ४० हजार आणि तीच तुमची फी. स्टेटमेंटच्या जमा बाजूला मात्र १ लाख ८० हजारच दिसतात. असे दुसऱ्याचे, तुमच्या खात्यातून फक्त पुढे गेलेले पैसे वर्षभरात ५ लाख १० हजार भरले. अधिकारी अनुभवी असेल तर जमा झाल्यापासून आठवड्याभरात तेवढीच मोठी रक्कम बाहेर गेलेली बघून तो ओळखतो. सगळ्याच जमा रकमा त्याने संशयाने कापाव्यात असं वाटत नसेल, तर कामाचं कोटेशन, त्यात वेगळी लिहिलेली डिझाइन फी आणि ग्राहकाच्या नावाची प्लायची बिलं, असा प्रत्येक मोठ्या कामाचा छोटा जुडगा फाइलला लावा. पुढच्या कामांपासून ग्राहकाला थेट दुकानदाराला पैसे द्यायला सांगितलंत तर हा घोळच राहणार नाही. मालाचं बिल तुमच्या नावाने फाडून ग्राहकाला पुन्हा तुमचं बिल देत असाल, तर ती रक्कम तुमच्या उलाढालीत धरली जाते. तसं एखादं काम असेल तर सीएंना आधीच सांगा.

हे सगळं वजा केल्यावर १९ लाख ८० हजारांतले १० लाख ४० हजार उरतात. ही तुमच्या हातात आलेली फी.

आता यात एक रक्कम वाढवायची आहे. जानेवारीत बिल्डरने सॅम्पल फ्लॅटच्या कामाचे २ लाख १६ हजार दिले. तुमचं बिल होतं २ लाख ४० हजारांचं. मधले २४ हजार त्याने १० टक्के टीडीएस म्हणून कापले. ते पैसे तुमचेच आहेत, सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा आहेत आणि फॉर्म २६एएसमध्ये दिसतात. स्टेटमेंटवरून हिशोब करताना ही रक्कम बहुतेक जण विसरतात. ती धरली की वर्षाची फी १० लाख ६४ हजार होते. रिटर्नमध्येही एकूण जमा हाच आकडा असायला हवा, कारण बँक स्टेटमेंट, २६एएस आणि रिटर्न शेजारी शेजारी ठेवून जुळवते.

टीडीएस धरून महिन्यांची फी अशी येते: एप्रिल ७० हजार, मे १ लाख १० हजार, जून ४०, जुलै शून्य, ऑगस्ट ३०, सप्टेंबर ८५, ऑक्टोबर १ लाख ६०, नोव्हेंबर ९५, डिसेंबर ६०, जानेवारी २ लाख ४०, फेब्रुवारी ९० आणि मार्च ८४ हजार. पावसाळ्यात काम थंड, दिवाळीआधी घाई. तुमच्या धंद्याचं वर्ष असंच असतं.

भागाकार नेहमी १२ नेच करायचा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण तुमच्याच एक्सेलमध्ये चूक आहे. जुलैचा चौकोन तुम्ही रिकामा सोडलाय आणि खाली पहिलं सूत्र घातलंय. रिकामा चौकोन ते सूत्र मोजतच नाही. ते ११ ने भागतं आणि ९६,७२७ दाखवतं. जुलैमध्ये ० लिहा किंवा सरळ दुसरं सूत्र वापरा:

```
=AVERAGE(B2:B13)
=SUM(B2:B13)/12
```

दुसऱ्याने ८८,६६७ येतात. ज्या महिन्यात कमाई झाली नाही त्या महिन्यातही हप्ता जातोच, म्हणून तो महिना भागाकारातून सुटत नाही.

बँका सहाऐवजी बारा महिने मागतात त्याचं कारणही या यादीतच आहे. ऑक्टोबर ते मार्चची सरासरी काढा, १ लाख २१ हजार ५०० येते. एप्रिल ते सप्टेंबरची काढा, ५६ हजारांच्या आत येते. व्यक्ती तीच, धंदा तोच. कर्ज विभागात नवा असताना मी एका लग्नाच्या फोटोग्राफरची फाइल फेब्रुवारीअखेरच्या सहा महिन्यांवर पास करण्याची शिफारस केली होती. आकडे खरे होते, फक्त ते सगळे लग्नसराईचे होते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे लागोपाठ दोन हप्ते परत गेले आणि वसुलीचा पहिला फोन मलाच करावा लागला. त्याची चूक नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी कुठल्याही फ्रीलान्सरचं वर्ष मधोमध कापून दोन्ही अर्धे वेगळे बघतो. तुमचंही पुढे तसंच बघणार आहे.

त्याआधी जानेवारीचं बघू. २ लाख ४० हजारांचं ते एक बिल वर्षाच्या फीचा जवळजवळ चौथा हिस्सा आहे. बिल्डरकडून आणखी काम येईल असं कुठे लेखी आहे का? तुमच्या कागदांत तरी दिसलं नाही. अशी एकदाच आलेली मोठी रक्कम अधिकारी जशीच्या तशी सरासरीत घेत नाहीत. कोणी ती पूर्ण काढून टाकतं, कोणी तिला कात्री लावतं. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. माझी पद्धत अशी की सगळ्यात मोठा महिना त्याच्या खालच्या महिन्याइतकाच धरायचा. म्हणजे जानेवारीला ऑक्टोबरएवढे १ लाख ६० हजार. बेरीज ९ लाख ८४ हजार आणि महिना बरोबर ८२ हजार. अशा कामाची शक्यता त्यात शिल्लक राहते, पण सगळा हिशोब त्या एका कामाच्या खांद्यावर उभा राहत नाही. बिल्डरकडून वर्षभराचं करारपत्र किंवा वर्क ऑर्डर मिळाली तर ही कात्री नको म्हणून आग्रह धरायला तुम्हाला जागा आहे.

८२ हजार ही फी झाली, उत्पन्न नाही. मदतनीस मुलीचे महिना १० हजार, ऑफिसच्या गाळ्याचे ७ हजार आणि सॉफ्टवेअर, पेट्रोल, प्रिंट, फोन मिळून वर्षाला १ लाख. एकूण खर्च ३ लाख ४ हजार. ९ लाख ८४ हजारांतून ते गेले की ६ लाख ८० हजार उरतात, म्हणजे महिना ५६,६६७. सुरुवातीला म्हटलं तो आकडा हाच.

मग मॅडमचे ४४ हजार कुठून आले? इंटिरियरचं काम ४४एडीएच्या यादीत येतं. या कलमाखाली जमाखर्चाच्या वह्या न ठेवता एकूण फीच्या ५० टक्के उत्पन्न दाखवता येतं. १० लाख ६४ हजारांचे निम्मे ५ लाख ३२ हजार, त्याला बाराने भागलं की ४४,३३३. बँकेने काही चुकीचं केलं नाही, कागदावर जे दिसलं तेच धरलं. पण त्या कलमात ५० टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष उत्पन्न त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचं असतं. तुमचा खरा नफा ७ लाख ६० हजार आहे, कारण रिटर्नमध्ये बिल्डरचं बिल पूर्ण धरायचं, कात्री फक्त कर्जाच्या हिशोबात. निम्मं दाखवायची सवय कर वाचवायला लागलेली असते. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सूट धरून कर शून्य होतो. म्हणजे ५ लाख ३२ हजार दाखवा की ७ लाख ६० हजार, कर तेवढाच, शून्य, आणि कापलेले २४ हजारही परत मिळतील. तुमचं रिटर्न अजून गेलेलं नाही, त्यामुळे खरा नफा दाखवायची वेळ हातात आहे. सीएंशी या आठवड्यातच बोला. खर्चाची बिलं सांभाळून ठेवा आणि नफा एक रुपयानेही फुगवू नका. फीचा आकडा २६एएस आणि स्टेटमेंटशी जुळलाच पाहिजे.

मागच्या वर्षीचं रिटर्नही मागितलं जाईल. तेव्हा निम्मंच दाखवलेलं असल्यामुळे या वर्षी उत्पन्न एकदम उडी मारलेलं दिसेल. काही ठिकाणी दोन वर्षांची सरासरी घेतात, काही ठिकाणी वाढीचा ठरावीक हिस्साच धरतात. म्हणून अर्ज देण्याआधी विचारा की तुमच्याकडे रिटर्नवरून उत्पन्न काढतात की बँकेतल्या उलाढालीवरूनही कर्ज देता. दुसऱ्या प्रकारात बहुधा खात्यातली सरासरी शिल्लकही बघतात, दर महिन्याच्या ठरावीक तारखांना किती पैसे होते त्यावरून. तुमचं खातं जून ते ऑगस्टमध्ये बहुतेक वेळ चार-पाच हजारांवर आहे, आणि ऑगस्टमध्ये गाडीचा हप्ता एकदा परत गेलाय. तो दोन दिवसांत भरलात, पण नोंद राहिली. त्याबद्दल एक ओळ स्वतःहून लिहून द्या: त्या महिन्यात कोणत्या ग्राहकाचे किती पैसे अडकले होते आणि ते कधी आले.

आता कर्ज किती, ते बघू. बऱ्याच बँका सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ देतात. ५६,६६७ चे निम्मे २८,३३३, त्यातून गाडीचे ६,५०० गेले की घराच्या हप्त्याला २१,८०० च्या आसपास उरतात. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे २४ लाख. ४४ हजारांवर हाच हिशोब साडेसतरा लाखांच्या आत थांबतो, आणि तुमच्या १ लाख ६५ हजारांवर तो ८४ लाखांवर जातो. चुकीच्या सरासरीवर तेवढं कर्ज मिळालं असतं तर तुम्ही ते पहिल्या पावसाळ्यातही फेडू शकला नसता.

आणि ३० लाख? इथे वर्षाचे दोन अर्धे कामी येतात. एप्रिल ते सप्टेंबर फी आली ३ लाख ३५ हजार, त्यातून धंद्याचा सहा महिन्यांचा खर्च १ लाख ५२ हजार गेला, हातात राहिले १ लाख ८३ हजार. २४ लाखांचा हप्ता २१,६००, गाडीचे ६,५०० आणि घरखर्च २० हजार मिळून महिना ४८,१०० लागतात, सहा महिन्यांचे २ लाख ८८ हजार ६००. म्हणजे २४ लाखांवरही या सहामाहीत १ लाख ५ हजार ६०० कमी पडतात. ते आधीच्या हिवाळ्यातून बाजूला ठेवलेले असले पाहिजेत.

बिल्डरचं काम पुन्हा आलंच नाही असंही एक वर्ष धरून बघा. ८ लाख २४ हजारांतून खर्च वजा जाता ५ लाख २० हजार, महिना ४३,३३३. मॅडमचा आकडा वेगळ्या वाटेने आला होता, पण तुमचं वाईट वर्ष जवळजवळ तिथेच येऊन थांबतं. २४ लाखांवर अशा वर्षात गाडीचा हप्ता संपेपर्यंत महिन्याला पावणेपाच हजारांची ओढाताण होईल. तो संपला की लागतील ४१,६०० आणि मिळतील ४३,३३३. भागेल. ३० लाखांवर हप्ता २७ हजार. गाडी फिटल्यावरही महिना ४७ हजार लागतील आणि वर्षानुवर्षं तूट राहील. म्हणून बँकेने ३० मंजूर केले तरी तुम्ही २४ च घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेले ६ लाख लहान फ्लॅट घेऊन किंवा नोकरी असलेल्या भावाला सहअर्जदार करून भागवता येतात का ते पाहा. भाऊ सहअर्जदार झाला तर हप्त्याची जबाबदारी त्याच्यावरही पूर्ण येते, हे त्याला आधी नीट सांगा. आणि त्याचे उसने १ लाख परत द्यायचे आहेत तेही या हिशोबात नाहीत, ते वेगळे मांडा.

फाइल देताना एक पान सगळ्यात वर लावा. डावीकडे महिना, मग एकूण जमा, वजा केलेल्या रकमा कारणासह, टीडीएस आणि शेवटी फी. बारा ओळी आणि खाली बेरीज, बस. अधिकाऱ्याला तेच आकडे स्वतः काढायला दोन तास लागतात, आणि घाईत असला की तो शंका असलेली प्रत्येक नोंद कापूनच टाकतो. हे पान असलं की त्याला फक्त पडताळायचं राहतं. स्टेटमेंटची पीडीएफ बँकेतून उतरवलेली तशीच द्या. त्यात खुणा करू नका, पानं वेगळी करू नका, दुसऱ्या अ‍ॅपमधून जोडू नका. फाइलला हात लागल्याचं तपासणीत दिसतं, आणि मग आत सगळं खरं असलं तरी अर्ज बाजूला पडतो. अकाउंट अ‍ॅग्रीगेटरमार्फत संमती देऊन स्टेटमेंट थेट पाठवायची सोय असेल तर ती घ्या, हा प्रश्नच येत नाही.

अर्ज रिटर्न भरून, पडताळणी झाल्याची पावती हातात आल्यावर द्या. अर्जाला उशीर झाला तर बँक मागचे ताजे बारा महिने मागेल आणि ते आर्थिक वर्षाशी जुळणार नाहीत. तेव्हा त्याच कोष्टकात पुढचे महिने जोडा, एप्रिल ते मार्चची बेरीज मात्र वेगळी ठेवा, म्हणजे ती रिटर्नशी जुळवून बघता येईल. डाउन पेमेंटसाठी उरलेली एफडी मोडायचं मनात असेल, तर पावसाळ्यासाठी लागणारे १ लाख ५ हजार ६०० त्यातून आधी बाजूला काढा.